अंगभर चित्रातला छोटा चेहरा: स्पष्टही हवा आणि ताईंचाही हवा

तक्रार एका ओळीची होती. "चेहरा एकदम स्पष्ट आलाय रे, पण ताईंचा नाही आलाय." पाठवणारी माझी सांगलीची मैत्रीण, छपाई आणि डिझाइनचं काम करते. एका लावणी प्रशिक्षण वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाचं ए-थ्री पोस्टर तिच्याकडे होतं. वर्गाच्या ताई नऊवारीत, पायात घुंगरू, डोक्यापासून पावलांपर्यंत दिसल्या पाहिजेत, मागे धूसर रंगमंच आणि कोपऱ्यात ढोलकीवाला, अशी मागणी होती. फोटोशूटला वेळ नव्हता. ताईंनी स्वतःचे तीन फोटो दिले, चित्र तयार करायला लेखी परवानगी दिली, आणि मैत्रिणीनं कॉम्फी-यूआय या नोड आणि तारा जोडून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एसडीएक्सएल या चित्र काढणाऱ्या मॉडेलवर चित्र बनवलं. साडी झकास, हाताची मुद्रा चांगली, पावलंसुद्धा चक्क बरोबर. चेहऱ्याच्या जागी मात्र आधी लापशी होती, आणि डिटेल पास दिल्यावर एक अनोळखी देखणी बाई.

तिनं चित्रासोबत सगळा ग्राफ पाठवला म्हणून हे प्रकरण नीट उलगडता आलं. नुसतं चित्र पाहून असल्या तक्रारीचं कारण सांगता येत नाही, कारण बाहेरून सारखा दिसणारा हा दोष आत वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो. इथे तो त्यांतल्या दोन ठिकाणी होता, आणि दुसरा पहिल्याच्या आड लपला होता.

आधी लापशी का होते ते पाहू. चित्र ८३२ बाय १२१६ पिक्सेलचं. उभी बाई त्यात डोक्यापासून पायापर्यंत बसवली की कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याला साधारण शंभर पिक्सेलच मिळतात. या चित्रात चेहरा शोधणाऱ्या मॉडेलनं आखलेली चौकट ८० बाय १०४ होती. पण एसडीएक्सएल पिक्सेलांवर काम करत नाही. ते काम करतं लेटेंटवर, म्हणजे चित्राच्या आक्रसलेल्या रूपावर, आणि तिथे प्रत्येक बाजू आठपट लहान असते. म्हणजे ताईंचा अख्खा चेहरा, डोळे, नाक, नथ, ओठ सगळं धरून, १० बाय १३ घरांत बसवायचं. एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम दोन घरं. त्यात बुबुळ, पापणी आणि काजळ वेगळं दाखवायला जागाच नाही. पायऱ्या वाढवा, प्रॉम्प्टमध्ये "अतिशय बारकाईनं" लिहा, काही होत नाही.

डिटेल पासची कल्पना यावरच उभी आहे. चेहऱ्याभोवतीचा तुकडा कापायचा, तो मोठा करायचा, त्यावर थोडा नॉइज टाकून पुन्हा सॅम्पलिंग करायचं, आणि तयार तुकडा लहान करून जागच्या जागी चिकटवायचा. कॉम्फीच्या इम्पॅक्ट पॅकमधला `FaceDetailer` हेच करतो, आणि मैत्रिणीच्या ग्राफमध्ये तोच होता. तुकडा मोठा केल्यावर चेहऱ्याला घरं मिळतात आणि मॉडेल खुशाल तपशील भरतं. प्रश्न असा की ते तपशील कोणाचे? मॉडेलला कोणी सांगितलंच नाही तर ते आपल्या मनातली सरासरी सुंदर बाई काढणार.

आणि इथे त्याला कोणीच सांगितलेलं नव्हतं. ग्राफमध्ये ताईंचा फोटो, चित्राला फोटोसारखं वळण देणाऱ्या आयपी-अ‍ॅडॅप्टरला जोडलेला होता, पण अ‍ॅडॅप्टरमधून बाहेर पडणारी मॉडेलची तार फक्त पहिल्या सॅम्पलरला गेली होती. `FaceDetailer` च्या `model` या खाचेत तार येत होती ती थेट चेकपॉइंट लोडरमधून. रेफरन्स काही चित्राबरोबर वाहत येत नाही, प्रॉम्प्टबरोबरही येत नाही. अ‍ॅडॅप्टर मॉडेलच्या अटेन्शनमध्ये फेरफार करतो आणि तो फेरफार त्या मॉडेलच्या तारेतच राहतो. जिला ती तार मिळाली नाही त्या पायरीसाठी ताईंचा फोटो अस्तित्वातच नाही. ग्राफ मोठा झाला की तारा एकमेकींखालून जातात आणि हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी `model` च्या तारेवर उलट दिशेनं बोट ठेवून मागे जातो. वाटेत अ‍ॅडॅप्टर भेटला पाहिजे.

तार बदलली. मैत्रिणीनं पुन्हा चालवलं आणि कळवलं, "काहीच फरक नाही." तिला वाटलं अ‍ॅडॅप्टर कमजोर आहे, म्हणून तिनं `weight` ०.६ वरून ०.८, मग १.० केलं. तरी तीच अनोळखी बाई.

एखादी गोष्ट वाढवूनही काही बदलत नसेल तर ती अजून वाढवण्यात अर्थ नसतो. ती मुळात चालू आहे का, हे आधी पाहावं. त्याची चाचणी सोपी आहे. सीड तोच ठेवायचा, एकदा `weight` शून्य करून चालवायचं, एकदा ०.८ ला, आणि दोन्ही चित्रं एडिटरमध्ये एकावर एक ठेवून वरच्या थराचा मोड `Difference` करायचा. जिथे फरक असेल तिथे उजळ दिसतं, नसेल तिथे काळं. इथे पहिलं चित्र गोठवून फक्त डिटेल पासचे दोन निकाल ताडले, तर चेहऱ्याची जागा ठार काळी. थोडाफार फरक असता तर अ‍ॅडॅप्टर दुबळा म्हटलं असतं. काळंकुट्ट म्हणजे तो एकाही पायरीवर लागलेला नाही.

हे कोडं मला या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो. अ‍ॅडॅप्टरवर `start_at` आणि `end_at` असे दोन आकडे असतात. पहिल्या सॅम्पलरसाठी मैत्रिणीनं `end_at` ०.६ ठेवला होता, आणि तिथे ते अगदी रास्त आहे. सुरुवातीच्या साठ टक्क्यांत फोटोनं ठेवण ठरवावी, पुढे प्रॉम्प्टला मोकळीक द्यावी, असा त्यामागचा हिशेब. पण कॉम्फीमध्ये हे टक्के "या सॅम्पलरच्या पायऱ्यांपैकी साठ टक्के" असे मोजले जात नाहीत. ते पूर्ण नॉइजपासून स्वच्छ चित्रापर्यंतच्या अख्ख्या प्रवासावर मोजले जातात आणि नॉइजच्या पातळीत, म्हणजे सिग्मात, बदलले जातात. डिटेल पास हा प्रवास सुरुवातीपासून करतच नाही. `denoise`, म्हणजे पायऱ्यांचा किती भाग पुन्हा चालायचा तो आकडा, ०.४५ असेल तर तो वाटेतच गाडीत चढतो. कोणत्या पायरीला किती नॉइज ते ठरवणारा शेड्यूलर कारास असेल तर आणखी उशिरा, कारण कारास शेवटच्या बारीक नॉइजवर जास्त पायऱ्या खर्च करतो. या ग्राफच्या आकड्यांवर मी गणित मांडलं. `denoise` ०.४५ आणि कारास म्हणजे सुरुवातीचा सिग्मा साधारण ०.९, आणि `end_at` ०.६ म्हणजे साधारण १.१६. सॅम्पलिंग सुरू होण्याआधीच अ‍ॅडॅप्टरची वेळ संपलेली. कुठे एरर नाही, सूचना नाही, नोड हिरवा होऊन पुढे जातो.

यातून एक नियम निघतो: पहिल्या सॅम्पलरचा अ‍ॅडॅप्टर डिटेल पासला वापरू नये. चेहऱ्यासाठी अ‍ॅडॅप्टरचा वेगळा नोड ठेवावा, फोटो तोच, पण `start_at` शून्य आणि `end_at` एक. कंट्रोलनेटच्या टक्क्यांचंही कॉम्फीत असंच आहे, हे जाता जाता लक्षात ठेवलेलं बरं. शिवाय याच कारणानं `denoise` चा आकडा एका शेड्यूलरवरून दुसऱ्यावर जसाच्या तसा नेता येत नाही. `normal` वरचा ०.४ आणि `karras` वरचा ०.४ यांत चेहरा किती बदलेल याचा फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. लोक एकमेकांना आकडे सांगतात आणि शेड्यूलर सांगत नाहीत, तिथेच बरेच घोटाळे होतात.

आता अ‍ॅडॅप्टर चालू झाला आणि लगेच दिसलं की फोटो कोणता, हा प्रश्न आकड्यांपेक्षा मोठा आहे.

त्याआधी अ‍ॅडॅप्टर कोणता हे ठरवायला हवं होतं. ओळख धरून ठेवण्यात फेस-आयडी प्रकार जास्त पक्के. ते इनसाइटफेसच्या चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलमधून ओळखीचा सदिश काढतात, त्यात प्रकाश आणि दागिने जवळजवळ गळून जातात आणि चेहऱ्याची ठेवण तेवढी उरते. पण इनसाइटफेसची तयार मॉडेल्स अव्यावसायिक संशोधनापुरती आहेत आणि त्यावर बेतलेल्या फेस-आयडी मॉडेलांवरही तेच बंधन आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाच्या पोस्टरला ते चालत नाही. म्हणून `ip-adapter-plus-face_sdxl_vit-h.safetensors` हेच ठेवलं. हे ओळखीचा सदिश न काढता फोटोला क्लिप या चित्र वाचणाऱ्या मॉडेलच्या नजरेनं पाहतं. म्हणजे चेहऱ्याबरोबर त्याला प्रकाश, हसू, केसांची बट, नथ सगळंच दिसतं आणि ते सगळंच चित्रात आणायला बघतं. ही त्याची ताकद आणि हीच डोकेदुखी.

ताईंच्या तीन फोटोंपैकी एक पासपोर्टचा होता, समोरून फ्लॅश मारलेला, चेहरा सपाट. दुसरा कार्यक्रमातला, जाड मेकअप, दात दाखवून हसणाऱ्या. तिसरा सरावाच्या वेळी कोणीतरी मोबाइलवर काढलेला, खिडकीचा उजेड एका बाजूनं, ओठ मिटलेले, नाकात नथ. मैत्रिणीनं साहजिकच पहिला निवडला होता, कारण तो सर्वांत स्वच्छ. पण चित्रात रंगमंचाचा पिवळसर प्रकाश वरून एका बाजूनं येत होता. पासपोर्टच्या फोटोनं काय केलं? नाकाची सावली पुसली, गालाचा उठाव घालवला, आणि अंगावर रंगमंचाचा प्रकाश असलेल्या बाईला सरकारी ओळखपत्राचा चेहरा बसला. ओळख पटत होती, पण डोकं कापून लावल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या फोटोनं मिटलेल्या ओठांतून दात काढले. तिसऱ्यानं काम केलं, कारण त्याच्यात उजेडाची दिशा चित्राशी जुळत होती.

तिन्ही फोटो एकत्र देऊन सरासरी घ्यावी असा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो. फेस-आयडीसाठी तो बरा असेल, कारण तिथे प्रकाश गळून जातो. क्लिपवर चालणाऱ्या अ‍ॅडॅप्टरला तीन दिशांचा उजेड दिला की तो कोणतीच दिशा धरत नाही. माझं मत: एकच फोटो, पण चित्राशी जुळणारा.

उजेडाची दिशा जुळत नसेल तर फोटो आडवा उलटवायचा मोह होतो. इथे तो करून चालणारच नव्हतं. नथ डाव्या नाकपुडीत असते. उलटा फोटो दिला की अ‍ॅडॅप्टर ती उजवीकडे ओढतो, आणि पोस्टर पाहणाऱ्या प्रत्येक बाईला ते पहिल्या नजरेत खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी. ताईंच्या हनुवटीवर उजव्या बाजूला तीळ आहे, तोही पलीकडे गेला असता.

फोटो कापायचा कसा, हेही पाहावं लागलं. क्लिपला २२४ बाय २२४ चा चौरस लागतो. उभा मोबाइल फोटो तसाच दिला तर मधला चौरस उचलला जातो, आणि या फोटोत त्या चौरसात अर्धी साडीच होती. हातानं चौरस कापला: वर केसांची सुरुवात, खाली हनुवटीच्या जरा पुढे, बाजूंना दोन्ही कान. इतकं केल्यावर तेच `weight` आधीपेक्षा बरंच जोरात लागतं. म्हणून कापणी नीट झाल्याशिवाय आकडा ठरवू नये.

यानंतर आकड्यांचं बोलू. आधी मूळ चित्र साध्या अपस्केलरनं दुप्पट केलं, १६६४ बाय २४३२. हे डिटेल पासच्या आधी करायचं, आणि त्याचं कारण सोपं आहे. तुकडा कितीही मोठा करून कितीही सुंदर काढला तरी शेवटी तो मूळ जागेत लहान होऊन बसतो. जागा १०४ पिक्सेलची असेल तर पापण्यांचे केस काढून उपयोग काय? दुप्पट केल्यावर चेहऱ्याला २०८ पिक्सेल मिळाले. ए-थ्री कागदावर हा चेहरा साधारण साडेतीन सेंटिमीटरचा होतो, आणि तेवढ्या आकारात माणूस ओळखू येतो. उलट क्रमानं, म्हणजे आधी चेहरा आणि मग टाइलवार डिफ्यूजन अपस्केल केलं, तर अपस्केलरला ताई कोण हे माहीत नसतं आणि तो नाकडोळे पुन्हा गुळगुळीत करतो.

```
guide_size        512
max_size          1024
steps             24
cfg               4.5
sampler_name      dpmpp_2m
scheduler         karras
denoise           0.45
feather           12
bbox_crop_factor  2.2
drop_size         100
```

यातला `bbox_crop_factor` जरा समजून घेण्यासारखा आहे. तो ठेवलेलाच असतो ३ वर, म्हणजे चेहऱ्याच्या चौकटीच्या तिप्पट लांबी-रुंदीचा तुकडा कापला जातो. `guide_size` म्हणतो चेहरा ५१२ पर्यंत वाढव, पण `max_size` म्हणतो तुकडा १०२४ च्या पुढे जायला नको, आणि शेवटी चालतं `max_size` चंच. तिप्पट तुकड्यात चेहऱ्याला १०२४ पैकी साधारण ३४० पिक्सेलची उंची मिळते. २.२ केलं की ४६५. घरांच्या हिशेबात क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं. १.५ पर्यंत खाली आणून पाहिलं तर चेहरा आणखी मोठा होतो, पण तुकड्यात मान आणि केस उरत नाहीत. मग मॉडेलला डोकं कोणत्या बाजूला कललंय ते कळत नाही आणि ते चेहरा समोर वळवतं. ताई मुद्रेकडे तिरक्या नजरेनं पाहताहेत आणि चेहरा मात्र प्रेक्षकांकडे, असं झालं. २ ते २.५ च्या दरम्यान ठेवावं असं मला वाटतं.

`denoise` च्या पायऱ्या एकाच सीडवर ओळीनं काढल्या तर चित्र स्पष्ट होतं. ०.३ ला कडा तेवढ्या धारदार झाल्या, बाई तीच अनोळखी. ०.४५ ला डोळ्यांची ठेवण आणि वरचा ओठ ताईंचा झाला. ०.६ ला ओळख आणखी पक्की, पण नजर समोर वळली आणि मानेवर जोड दिसायला लागला. म्हणजे फोटोशी निष्ठा आणि मूळ चित्राशी निष्ठा यांची इथे ओढाताण आहे, आणि ती एका आकड्यानं सुटत नाही. `weight` ०.७५ वर थांबलो. ०.९ च्या पुढे कातडी मेणासारखी होत होती, `cfg` कमी केल्यावरही.

प्रॉम्प्टही वेगळा द्यावा लागतो. पहिल्या चित्राचा प्रॉम्प्ट "नऊवारी, घुंगरू, पूर्ण उभी आकृती, रंगमंच" असा होता. तो चेहऱ्याच्या तुकड्यावर चालवला की मॉडेल प्रामाणिकपणे तेवढ्या तुकड्यात आख्खी बाई शोधायला लागतं. केसांत काठपदराची नक्षी उमटते, गालावर घुंगराचा दाणा. `FaceDetailer` मधल्या `wildcard` च्या चौकटीत फक्त चेहऱ्याचं वर्णन लिहिलं: चंद्रकोर, नथ, मिटलेले ओठ, डावीकडे खाली पाहणारी नजर, एका बाजूनं पिवळा प्रकाश. वयसुद्धा लिहिलं. ते लिहिलं नाही तर मॉडेल पंधरा-वीस वर्षं बेधडक काढून टाकतं. ताईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं असतं असं मैत्रिणीचं म्हणणं, मला मात्र खात्री नाही.

मग राहिली नथ आणि तीळ. नथ आली होती, पण कधी दोन्ही नाकपुड्यांमधून लोंबणारी, कधी मोत्यांऐवजी नुसती तार. तीळ तर आलाच नाही. २२४ पिक्सेलच्या फोटोत तो एका ठिपक्याएवढा, अ‍ॅडॅप्टर त्याला मोजतच नाही. प्रॉम्प्टमध्ये तीळ लिहिला तर तो येतो, पण आपल्या मर्जीच्या जागी, बहुधा ओठावर. यावर उपाय हातानं करायचा होता. दुप्पट केलेल्या चित्रावर, डिटेल पासच्या आधी, साध्या ब्रशनं डाव्या नाकपुडीपासून एक सोनेरी कमान ओढली, तिच्यावर पांढरे ठिपके दिले, मध्ये एक लाल. हनुवटीवर उजवीकडे तपकिरी ठिपका, खऱ्यापेक्षा किंचित मोठा. चित्र ओबडधोबड झालं तरी हरकत नाही. ०.४५ ला मॉडेल रंग आणि जागा पाळतं आणि घडण स्वतः सुधारतं. त्या ठिपक्यांचे मोती झाले, खालून सावलीसकट, आणि तीळ राहिला. हेच ०.६ ला केलं तर ठिपके विरघळून जातात. म्हणून `denoise` कमी ठेवण्याचं हे दुसरं, आणि माझ्या मते जास्त वजनदार कारण: पासला दिलेलं चित्र हासुद्धा एक रेफरन्सच असतो, आणि त्याच्यावर आपला हात चालतो.

कपाळावरची चंद्रकोरही अशीच रंगवली. तिची टोकं वर असतात. मॉडेलला ती कधी आडवी करावीशी वाटते, कधी पूर्ण चंद्र.

"ताईंसारखं दिसतंय" हे ठरवायचं कसं? दिवसभर तोच चेहरा पाहिलेल्या माणसाचे डोळे यात कामाचे नसतात. सगळंच सारखं दिसायला लागतं. मोजमापासाठी डीलिब वापरलं. त्याचं मॉडेल दोन चेहऱ्यांतलं अंतर काढतं, आणि ०.६ च्या खाली म्हणजे एकच व्यक्ती असा त्याचा ठोकताळा आहे. पण ०.६ वर थांबणं भाबडेपणाचं. आधी ताईंच्या खऱ्या फोटोंचं एकमेकांशी अंतर काढलं, ते ०.३५ च्या आसपास आलं. तीच खरी पट्टी. खऱ्या ताई स्वतःपासून जितक्या लांब, त्याच्या जवळ आपण आलो की पुरे. रेफरन्सविना केलेला पास ०.६२ वर होता, शेवटचा ०.४२ वर. मोजमाप चिकटवून झालेल्या अंतिम चित्रावर केलं. मोठ्या तुकड्यावर आकडा नेहमीच सुरेख येतो, पण तो तुकडा छापला जाणार नसतो. आणखी एक पथ्य: अ‍ॅडॅप्टर ज्या मॉडेलवर चालतो त्याच मॉडेलनं मोजू नये. फेस-आयडी वापरून इनसाइटफेसनं मोजलं तर परीक्षार्थ्यानंच पेपर तपासल्यासारखं होतं. इथे अ‍ॅडॅप्टर क्लिपवर आणि मोजणारं डीलिब, म्हणून आकड्याला काही अर्थ होता.

तरी शेवटचा कौल वर्गातल्या मुलींचा घेतला. मैत्रिणीनं चित्र छापील आकारात, कोणाचं ते न सांगता दाखवलं. एकीनं लगेच म्हटलं, "अगंबाई, ताई!" दुसरी जरा थांबून म्हणाली, "ताईच, पण जबडा असा नाही त्यांचा. त्यांचा जरा रुंद आहे." ती बरोबर होती, आणि डीलिबनं ते सांगितलं नव्हतं.

जबड्याचा दोष डिटेल पासमध्ये दुरुस्त होत नाही. ०.४५ ला चेहऱ्याची बाह्यरेषा पहिल्या चित्रातूनच येते. ती बदलायची तर `denoise` इतका वाढवावा लागतो की नजर, नथ, मान सगळं पुन्हा हातचं जातं. रुंदी मुळातच यायला हवी, म्हणून मागे पहिल्या सॅम्पलरपाशी गेलो. तिथला अ‍ॅडॅप्टर पासपोर्टच्या फोटोवर चालू होता, तो बदलून तिथेही खिडकीचा फोटो दिला, `weight` ०.४, `end_at` तोच ०.६. शंभर पिक्सेलांत नाकडोळे येत नाहीत, पण डोक्याचा आकार, जबड्याची रुंदी, केसांची रेषा येते. आकाराचं काम पहिल्या टप्प्याचं, नाकडोळ्यांचं दुसऱ्याचं. साडी आणि मुद्रा बदलू नये म्हणून पूर्ण चित्र नव्यानं न काढता फक्त डोकं आणि मान मुखवट्यानं निवडून तेवढा भाग पुन्हा काढला, मग दुप्पट केला, पुन्हा नथ रंगवली, पुन्हा पास. जबडा जमला. दुसऱ्या मुलीला पुन्हा दाखवलं तेव्हा ती चित्राबद्दल काही बोललीच नाही, कार्यक्रमाची तारीख चुकली आहे म्हणाली.

छपाईला देण्याआधी जोड तपासला. चिकटवलेल्या तुकड्याचा रंग आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित लालसर होतो, कारण तो तुकडा लेटेंटमधून जाऊन परत आलेला असतो. स्क्रीनवर हे सहज सुटतं. चित्राचा रंग काढून फक्त संपृक्तता पाहिली तर हनुवटीखाली चौकटीची कड दिसते. `feather` १२ नं ती बरीच लपली, उरलेली मानेवर हलका रंग देऊन घालवली.

आता ढोलकीवाला. वरच्या यादीत `drop_size` १०० आहे ते त्याच्यामुळे. चेहरा शोधणाऱ्या मॉडेलला चित्रात दोन चेहरे सापडत होते, आणि `FaceDetailer` सापडलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर तेच मॉडेल, तोच प्रॉम्प्ट, तोच रेफरन्स चालवतो. `end_at` दुरुस्त झाल्यावरच्या पहिल्या चित्रात कोपऱ्यातला मिशीवाला ढोलकीपटू ताईंचे डोळे आणि नाकात नथ घेऊन बसला होता. दुप्पट केलेल्या चित्रात ताईंच्या चेहऱ्याची चौकट १६० पिक्सेल रुंद होती, त्याची ९०. `drop_size` १०० केल्यावर तो गाळला गेला. त्याच्यासाठी पुढे इम्पॅक्ट पॅकमधलाच `MaskDetailer` लावला, थेट चेकपॉइंटच्या मॉडेलवर, रेफरन्सविना, ०.३ ला, आणि त्याला फक्त त्याच्या भागाचा मुखवटा दिला. तो मागे, धूसर प्रकाशात आहे, त्याला फार धार देऊन चालत नाही. धार दिली की नजर ताईंवरून उठून त्याच्याकडे जाते.